शेवंतीबाईंचं हसू

मेघनावहिनींना मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं ते माझ्याच दुकानात, भर दुपारी. दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलबाजाराच्या अंगाला माझं आयुर्वेदिक औषधांचं छोटं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. वहिनी दर आठवड्याला मंजनाच्या डब्यांची खोकी घेऊन स्वतः येत. परळहून टॅक्सीनं यायच्या, खोकी उतरवायच्या, चहा घ्यायच्या, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते सांगायच्या आणि निघायच्या. त्या दिवशी खोकी उतरवून ताठ झाल्या आणि समोर बघत तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या मोबाइलच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेला होता. त्यावर एक म्हातारी हसत होती.

हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नथ, घट्ट अंबाडा. अंधारी खोली. हातात लालसर रंगाचा गोल डबा, डब्यावर अंड्याच्या आकाराच्या चौकटीत तशाच बाईचा चेहरा. म्हातारी एका लहान मुलीला जवळ बोलावते. म्हणते, "ये बाळा. एकदा लावलंस की सुटायचं नाही." मुलगी बोटानं मंजन लावते आणि तिचे दात एकेक करून काळे होतात. म्हातारी हसते. मग लख्ख उजेड, पांढऱ्या कोटातला माणूस आणि 'झळक' नावाची टूथपेस्ट. "आजीच्या डब्यात तंबाखू. झळकमध्ये फक्त झळाळी." खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ, प्रयोगशाळेतल्या चाचणीवर आधारित.

"हेरंबभाऊ," वहिनी म्हणाल्या, "त्या आमच्या आई आहेत हो."

त्यांच्या सासूबाई म्हणजे शेवंतीबाई कोचरेकर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाहिरातीतली बाई अर्थातच एक नटी होती. पण मी माझ्या मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे रांगेनं शेवंती दंतमंजनाचे डबे होते. तोच लाल रंग, तीच चौकट, तेच हिरवं नऊवारी, तीच नथ.

कोचरेकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. शेवंतीबाईंचे यजमान परळच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. तेव्हा शेवंतीबाईंनी चाळीच्या खोलीत मंजन कुटायला घेतलं. बाभळीची साल, हिरडा, लवंग, सैंधव, कापूर आणि रंगाला गेरू. आधी मजल्यावरच्या बायका न्यायच्या, मग शेजारच्या चाळीतल्या, मग माझ्या वडिलांनी दुकानात ठेवलं. आज परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा आहे. रीतसर परवाना आहे, नाव आणि डब्यावरचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे. शेवंतीबाईंचा मुलगा रघू, म्हणजे वहिनींचा नवरा, यंत्रं आणि माल बघतो, बाकी सगळं वहिनी. दहा-बारा बायका कामाला. मोठा धंदा नव्हे, पण मुंबईत आणि कोकणात घराघरांत माहीत असलेलं नाव.

पुढच्या काही दिवसांत ती जाहिरात सगळीकडे झाली. टीव्हीवर, मोबाइलवर, लोअर परळच्या मॉलवर, बसथांब्यांवर. थांब्यावरच्या चित्रात फक्त म्हातारी आणि डबा होता आणि खाली 'कोणी लावलंय हे तुमच्या दाताला?' वहिनी मला नंतर म्हणाल्या की त्या काळात परळ नाक्यावरून घरी जाणं त्यांना नको व्हायचं. तीन थांबे लागायचे. प्रत्येक थांब्यावर सासूबाई उभ्या. संध्याकाळी चित्रामागचा दिवा लागला की तो चेहरा आतून पेटल्यासारखा दिसायचा.

माझ्या दुकानात डबे परत यायला लागले. शिवाजी पार्कातल्या एक बाई, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, अर्धा वापरलेला डबा घेऊन आल्या. "काय हो, मुलांना तंबाखू विकता? त्या जाहिरातीत तुमचाच डबा आहे." मी म्हटलं, त्यात कोणाचं नाव नाही. त्या म्हणाल्या, "नाव कशाला पाहिजे? आम्हाला डोळे आहेत."

हे वाक्य पुढे कोर्टाच्या कागदांत जाणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

घरी काय चाललं होतं ते वहिनींनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं. रघू बोलेनासा झाला होता. जाहिरात लागली की उठून गॅलरीत जायचा. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं राग आला असेल. राग नव्हता. भीती होती. आणि तीच मलाही होती."

कारण शेवंतीबाई मिशरी लावायच्या.

कोकणातल्या पुष्कळ बायका लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि हिरड्यांना चोळायची. सकाळी मिशरी नाही लावली तर डोकं चालत नाही म्हणायच्या. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा चाळीच्या त्या एका खोलीत एका कोपऱ्यात मंजन कुटलं जायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात तवा असायचा. त्याचा वास पडद्यांना बसलेला. शेवंतीबाई स्वतः म्हणायच्या, "माका ह्या सुटत नाय, पण तुम्ही ह्येका हात लावू नकात. तुम्ही मंजन लावा." मिशरी सोडवायची म्हणून त्या बायकांना मंजन द्यायच्या. स्वतः मात्र शेवटपर्यंत सोडू शकल्या नाहीत. तोंडाच्या कॅन्सरनं गेल्या. परळच्याच इस्पितळात. शेवटी बोलता येत नव्हतं. वहिनी चमच्यानं पाणी द्यायच्या.

"ती जाहिरात लागली ना," वहिनी म्हणाल्या, "की मला वाटायचं, यांना कसं कळलं? मग वाटायचं, पूर्वी कधी तोच खलबत्ता वापरला असेल का? तोच तवा? आपण इतकी वर्षं लोकांना काय विकलं? स्वप्नात आई यायच्या. तोंड उघडून दाखवायच्या. काळं. काही बोलायच्या नाहीत."

मीच त्यांना अनुजा फणसेंचं नाव सुचवलं. अनुजा माझ्या गिरगावातल्या शाळासोबत्याची बहीण. हायकोर्टात वकिली करते आणि असे धंद्यातले खटलेच लढवते. फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीत तिचं ऑफिस आहे. मी वहिनींसोबत गेलो. रघू आला नाही.

अनुजानं जाहिरात दोनदा पाहिली. डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय? जाहिरात थांबायला हवीय, की त्यांना शिक्षा?"

"थांबायला हवीय," वहिनी म्हणाल्या. "आजच्या आज."

"आजच्या आज नाही होत. पण लवकर होऊ शकतं." आणि तिनं सगळं नीट समजावलं. ग्राहक आयोगात आपल्याला जाता येणार नाही, कारण ते विकत घेणाऱ्यासाठी आहे आणि आपण प्रतिस्पर्धी. दिल्लीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, फसव्या जाहिराती ते बंद करू शकतं, दंडही करू शकतं. पण ते ग्राहकांच्या हितासाठी आहे, चौकशी त्यांच्या गतीनं होणार आणि आपल्या नुकसानीचं तिथे काही नाही. जाहिरातवाल्यांनी स्वतःच नेमलेली मानक परिषद आहे, तिथे प्रतिस्पर्धी तक्रार करू शकतो, काम बऱ्यापैकी चटकन होतं आणि पुष्कळ कंपन्या तिचं ऐकतात. पण तिचा कोर्टासारखा हुकूम नसतो. "झळकवाले सगळीकडे पैसा ओतून बसलेत. मला वाटतं, सरळ हायकोर्टात दावा लावावा. तुमच्या मालाची खोटी बदनामी आणि तुमच्या ट्रेडमार्कचा गैरवापर. आणि दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज. अशा धंद्याच्या दाव्यांत आधी मध्यस्थीला जायची अट असते, पण तातडीचं असलं की ती आड येत नाही. पण उशीर करू नका. उशीर केला की कोर्ट विचारतं, इतकं दुखत होतं तर इतके दिवस काय करत होतात?"

मग तिनं एक गोष्ट सांगितली ती मला नवीन होती. "माझी पेस्ट जगात सगळ्यात चांगली असं ते म्हणू शकतात. बढाई मारायला बंदी नाही. तुमच्याशी तुलनाही करू शकतात, खरी असेल तर. फक्त 'माझं चांगलं' म्हणताना 'त्यांचं वाईट' असं खोटं सांगता येत नाही. म्हणून आता मला खरं सांगा. मंजन पेस्टपेक्षा खरखरीत आहे का?"

"थोडं आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग त्याबद्दल आपण एक शब्द बोलायचा नाही. आणि तंबाखू?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"मला खात्री करून घ्यायचीय," त्या म्हणाल्या.

वकिलाच्या ऑफिसात बसून आपल्याच मालाची खात्री नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण अनुजाला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "तेच करायला हवं. बाजारातून वेगवेगळ्या दुकानांतले डबे घ्या, गाळ्यातले नकोत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. निकोटिन तपासायला सांगा."

तो अहवाल येईपर्यंतचे दिवस वहिनींना फार जड गेले. गाळ्यातल्या बायकांना त्यांनी काही सांगितलं नाही. पण बायकांना जाहिरात दिसत होतीच. त्यातली राधा म्हणून एक जुनी कामगार होती, शेवंतीबाईंच्या हाताखाली काम केलेली. ती एके दुपारी मंजन दळायच्या चक्कीपाशी बसून रडायला लागली. म्हणाली, चक्की बंद झाली की मागे आजी हसल्यासारखी वाटते. वहिनींनी तिला दटावलं. पण मग स्वतः चक्कीपाशी उभ्या राहिल्या, चालू केली, बंद केली. पट्टा थांबता थांबता एक चिरका आवाज निघायचा, उतरत जाणारा. पूर्वीही निघत असेल. त्यांनी कधी ऐकला नव्हता. आता ऐकू आला, आणि तो त्या म्हातारीच्या हसण्यासारखाच होता.

अहवाल आला. कुठल्याच डब्यात निकोटिन नव्हतं. वहिनी दुकानात आल्या, तो कागद काउंटरवर ठेवला आणि माझ्या स्टुलावर बसून घळघळा रडल्या. मी फळीवरून ओव्याच्या गोळ्यांची बाटली काढली, परत ठेवली. काय करावं कळेना.

आता दाव्याला अडचण नव्हती. अडचण दुसरी निघाली. अनुजाला घरची हकिकत समजल्यावर, म्हणजे मिशरीची आणि कॅन्सरची, ती म्हणाली, "हे आपण आपल्या प्रतिज्ञापत्रात लिहू या."

या वेळी रघू सोबत होता. आतापर्यंत गप्प बसलेला माणूस एकदम उसळला. "कशाला? मंजनाचा आणि आईच्या दुखण्याचा काय संबंध? तिचं दुखणं कोर्टात वाचून दाखवणार तुम्ही?"

"संबंध नाही," अनुजा शांतपणे म्हणाली. "पण डब्यावर चेहरा त्यांचा आहे. समोरचे शोधून काढतील. परळच्या चाळीत कोणालाही विचारलं तरी कळेल. मग भर कोर्टात त्यांचा वकील उठून म्हणेल, या बाई तर तंबाखूनंच गेल्या आणि हे लपवून आलेत. तात्पुरती मनाई मागणाऱ्यानं काही लपवू नये. लपवलं असं न्यायाधीशांना वाटलं, तर खरी बाजूही पडते."

"नाही म्हणजे नाही."

तो उठून निघून गेला. वहिनी त्याच्यामागे गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्यांना आईचं तोंड आठवतं, भाऊ. शेवटचं. ते बघवायचं नाही म्हणून शेवटी शेवटी इस्पितळातही यायचे नाहीत. मी जायचे."

दोन दिवसांनी रघू एकटाच अनुजाच्या ऑफिसात गेला. प्रतिज्ञापत्र त्यानं स्वतः द्यायचं ठरवलं. अनुजानं मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यानं एकच वाक्य घालायला लावलं: माझी आई स्वतः जे सोडू शकली नाही, ते दुसऱ्यांनी सोडावं म्हणून तिनं हे मंजन केलं.

सोबत प्रयोगशाळेचा अहवाल, ट्रेडमार्कची नोंद, जाहिरातीची प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र. गिऱ्हाइकांनी डबे परत आणताना त्या जाहिरातीचं कारण दिलं, इतकंच मी सांगितलं. कारण झळकवाले म्हणणार होते की आम्ही कोणाचं नाव घेतलेलं नाही. नाव घेतलं नाही तरी बघणाऱ्याला कोणाबद्दल आहे हे कळत असेल तर ती बदनामीच, असं अनुजाचं म्हणणं. त्याला आधार माझं काउंटर. त्यातच त्या शिवाजी पार्कच्या बाईंचं वाक्य होतं.

समोरच्यांना आधी नोटीस दिली होती. उत्तर आलं, जाहिरात सर्वसाधारण मंजनांबद्दल आहे, लोकांना सावध करण्यासाठी आहे. म्हणून दावा लागला आणि अर्ज सुनावणीला आला.

हायकोर्टाच्या त्या दालनात मी आधी कधी गेलो नव्हतो. उंच छत, वरती सावकाश फिरणारे पंखे, काळ्या कोटांची दाटी. बोलणं सगळं इंग्रजीत. माझ्यासारख्याला जेवढं कळलं तेवढं सांगतो. झळकचे वकील मोठे होते, बोलायचे गोड. म्हणाले, यात कोणाचंही नाव नाही. आजी ही आपल्याकडची जुनी प्रतिमा आहे, लाल मंजन शेकडो जण विकतात. व्यापाऱ्याला आपलं म्हणणं मांडायचं स्वातंत्र्य आहे. आणि आमच्याकडे चाचणी आहे, मंजनांत तंबाखू सापडली आहे.

न्यायमूर्ती एक बाई होत्या. त्यांनी जाहिरात दाखवायला सांगितली.

अनुजाच्या सहायकानं लॅपटॉप वळवला. 'ये बाळा.' आणि मग ते हसू. दगडी भिंतींत ते बराच वेळ घुमल्यासारखं वाटलं. शेजारी वहिनींनी माझं मनगट धरलं. पलीकडे रघू खाली मान घालून बसला होता. पण तो उठून गेला नाही.

न्यायमूर्तींनी डबा मागितला. पडद्यावरचं चित्र थांबवून डबा त्याशेजारी धरला. मग झळकच्या वकिलांना विचारलं, "तुमच्या चाचणीतले नमुने कोणत्या कंपनीचे होते?"

वकिलांनी मागच्या बाजूला पाहिलं. कागद पुढे आले. "बाजारातली सुटी मंजनं, माय लेडी. बिनानावाची."

"या डब्यातलं तपासलं होतं?"

"विशिष्ट असं नाही."

"म्हणजे तपासलं एक आणि दाखवलं दुसरं."

त्यावर अनुजानं आधीच सांगितलं होतं तेच ते वकील म्हणाले: डब्यावरची बाई स्वतः तंबाखूमुळे गेल्याची आमची माहिती आहे. अनुजा उठली आणि एवढंच म्हणाली की हे आमच्या प्रतिज्ञापत्रात आहे, अमुक परिच्छेद. न्यायमूर्तींनी तो काढून वाचला. किती वेळ वाचत होत्या ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "बाई कशानं गेल्या आणि डब्यात काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तात्पुरता मनाई हुकूम झाला. पुढची सुनावणी होईपर्यंत ही जाहिरात कुठल्याही माध्यमात दाखवायची नाही, कोचरेकरांच्या डब्यासारखा डबा किंवा त्यावरच्या बाईसारखी आकृती वापरायची नाही, मंजनात तंबाखू आहे असं सुचवायचं नाही. आपली पेस्ट अधिक सौम्य आहे असं पुराव्यानिशी म्हणायला मात्र त्यांना मोकळीक राहील. पुढे काही महिन्यांनी झळकवाल्यांनी वर अपील न करता तडजोड केली. कायमची हमी कोर्टात लिहून दिली आणि दावा त्या अटींवर निकाली निघाला.

सांगायचं तर गोष्ट इथे संपायला हवी. थांब्यांवरची चित्रं उतरली. काही गिऱ्हाइकं परत आली, शिवाजी पार्कच्या बाई आल्या, थोड्या ओशाळून. काही कधीच आली नाहीत. कोर्टाचा हुकूम कंपनीला लागू असतो, लोकांच्या फोनना नाही. कोणाकोणाच्या ग्रुपवर ती चित्रफीत अजून फिरत होती, आता जाहिरात म्हणून नाही, भुताची गंमत म्हणून. लालबागला एका घरी पोरगी मंजनाचा डबा पाहून किंचाळली, आईनं डबा कपाटात उलटा ठेवला. हे मला त्या आईनंच सांगितलं, हसत.

ती नटी कोण हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चंपाबाई, गिरगावातल्या आमच्या जुन्या वाडीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. तरुणपणी नाटकांतून दुय्यम कामं केलेल्या. खटला चालू असताना मी गप्प राहिलो, कारण अनुजा म्हणाली होती की त्यांची गरज नाही, चित्र स्वतःच बोलतंय, आणि उगाच म्हाताऱ्या बाईला कंपनीशी केलेल्या करारावरून अडचणीत आणू नका. सगळं मिटल्यावर मी वहिनींना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मला न्या."

सकाळची वेळ होती. दार उघडलं ते एका किडकिडीत, कापलेल्या केसांच्या, गाऊन घातलेल्या बाईंनी. शेवंतीबाईंशी काडीचंही साम्य नव्हतं. वहिनींचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

वहिनींनी ओळख सांगितली. चंपाबाई दाराला धरूनच उभ्या राहिल्या. "खरी बाई होती?" त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतं, भुताची आजी आहे. काल्पनिक. मला वाटलं, या वयात काम मिळालं." मग आत बोलावलं, बसायला दिलं. जिन्यातली पोरं त्यांना विषारी आजी म्हणतात हे सांगताना त्या हसल्या, आणि वहिनी खुर्चीतच आकसल्या. ते तेच हसू होतं.

"हे हसणं…" वहिनी म्हणाल्या. "हे तुम्हाला कोणी शिकवलं? आमच्या आईंचं हसणं आहे हे."

"नाही हो. हे माझ्या आईचं. ती अशीच हसायची, शेवटी भ्रम झाल्यावर. लहानपणी मला फार भीती वाटायची त्याची. दिग्दर्शक म्हणाला, भीती वाटेल असं हसा. मला एवढंच येतं." त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. "तुमच्या सासूबाई कशा गेल्या?"

वहिनींनी सांगितलं. सगळं, चमच्यानं पाणी देण्यापर्यंत. चंपाबाईंनी माफी मागितली नाही, पण निघताना वहिनींचे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ सोडले नाहीत.

जिना उतरताना वहिनी मधेच थांबल्या. "हेरंबभाऊ, एक विचारू? तुम्ही आईंना पाहिलंय. त्या कशा हसायच्या?"

मी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांपुढे ती अंधारी खोली आली, तो डबा आणि चंपाबाई. पुढे काही येईना. वहिनींनाही येत नव्हतं. रघूलाही नव्हतं, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला विचारलं आणि तो म्हणाला, मलाही तीच दिसते. ज्या आईसाठी हायकोर्टापर्यंत गेले, तिचं हसू या लोकांनी पुसून तिथे दुसरं बसवलं होतं आणि त्यावर कुठलीही मनाई चालत नव्हती.

वहिनींना ते सहन होईना. त्यांनी गावी फोन लावला, शेवंतीबाईंच्या धाकट्या बहिणीला. आनंदीबाई, नव्वदीच्या जवळ, कानानं अधू. तीन-चारदा ओरडून विचारावं लागलं.

"शेवंती? हसायची कशी?" म्हातारी पलीकडून म्हणाली. "तिचे दात काळे नाय ते? लाज वाटायची तिका. तोंडार पदर घेय आणि खांदे हलवी. आवाज कोणी आयकलोच नाय तिचो."

वहिनींनी फोन ठेवला. मग रघूला बोलावलं आणि पदर तोंडावर घेऊन खांदे हलवून दाखवले. रघूनं पाहिलं आणि तो, त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच आईसाठी मोठ्यानं रडला. "अशीच," एवढंच म्हणत राहिला. "अशीच."

चक्कीचा पट्टा त्यांनी बदलून घेतला आहे. नवा पट्टाही थांबताना तसाच आवाज करतो. राधा तेवढ्यापुरती बाहेर जाते. वहिनी आत उभ्या राहतात आणि तो आवाज पुरता विरेपर्यंत ऐकतात.